वजनाच्या काट्यावरचे पाणी: चरबी घटवताना काय प्यावे आणि किती

मार्चच्या अखेरीस पुण्यातला पारा चाळिशीकडे सरकू लागला की घराघरांत माठ बाहेर निघतात, आणि त्याच सुमारास वजन उतरवण्याचे संकल्पही सोडले जातात. मग घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडतो. कोणी रोज चार लिटर पाणी प्यायला सांगते, कोणी सकाळी रिकाम्या पोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घ्यायला, तर कोणी जेवणानंतर ग्रीन टी. कॉफी मात्र बंद करा, कारण ती शरीरातले पाणी काढून टाकते, असेही बजावले जाते.

या सूचनांमधले खरे किती, हे पाहण्यासाठी हिशेबापुरते एक उदाहरण कल्पून घेऊ. कोथरूडमध्ये राहणाऱ्या, बँकेत बसून काम करणाऱ्या ४३ वर्षांच्या एक बाई आहेत आणि त्यांचे वजन ७४ किलो आहे. त्यांनी जेवण मोजूनमापून रोज ५०० कॅलरी कमी केल्या, वरच्या सगळ्या सूचनाही पाळल्या. फक्त कॉफी सुटली नाही. पहिल्या आठवड्याअखेर काटा ७१.७ वर आला. दुसऱ्या आठवड्यात तो ७१.२ झाला. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी सकाळी ७०.८ दिसले, रविवारी एका लग्नाला जाणे झाले आणि सोमवारी सकाळी काट्याने ७२.३ दाखवले. पहिल्या आठवड्याचे श्रेय बाईंनी लिंबूपाण्याला दिले आणि सोमवारचा दोष कमी पडलेल्या पाण्याला. दोन्ही निदाने चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे कळले की बाकीचा विषय सोपा होतो.

पहिल्या आठवड्यात नेमके काय उतरले?

आपले शरीर भात, पोळी, साखर यांतून मिळालेली ऊर्जा दोन ठिकाणी ठेवते. रोजच्या खर्चासाठी यकृतात आणि स्नायूंमध्ये साखरेचा एक छोटा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. दुसरा मोठा साठा चरबीचा. घरात वरच्या डब्यात आठवड्याचे तांदूळ असावेत आणि माळ्यावर वर्षाचे पोते, तसा हा प्रकार आहे. खाणे कमी झाले की आधी डब्यात हात जातो.

आता महत्त्वाचा भाग. चरबी जवळजवळ कोरडी साठते, पण ग्लायकोजेन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे असते. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि ते वापरले गेले की ते पाणी मोकळे होऊन लघवीवाटे निघून जाते. बाईंच्या शरीरातून पहिल्या आठवड्यात ३०० ग्रॅम ग्लायकोजेन कमी झाले असे धरले, तर त्याबरोबर सुमारे ९०० ग्रॅम पाणी गेले, म्हणजे सव्वा किलो इथेच संपले. लोणचे, पापड, फरसाण बंद झाल्याने मीठ कमी झाले आणि आतड्यात एका वेळी असणारे अन्नही कमी झाले. त्याचे साधारण सहाशे ग्रॅम धरू.

चरबी किती गेली? एक किलो चरबी घटण्यासाठी ढोबळमानाने ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज ५०० म्हणजे आठवड्याला ३,५०० कॅलरी, म्हणजे साडेचारशे ग्रॅम चरबी. काट्यावरच्या २.३ किलोंपैकी खरी चरबी एवढीच, आणि पुढे दिसेल की तेवढीही नव्हती.

मग लग्नाहून आल्यावर दीड किलो कुठून आले?

दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाइनच्या एक लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असते. ते प्रमाण रक्ताशी जुळणारे असते, म्हणूनच ते थेट शिरेतून देता येते. याचाच उलटा अर्थ असा की नऊ ग्रॅम जादा मीठ शरीरात राहिले, तर त्याचे प्रमाण बरोबर ठेवण्यासाठी शरीराला सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवावे लागते. कार्यालयातल्या जेवणात मठ्ठा, पापड, लोणचे, भजी आणि मसालेभात यांतून पाच ग्रॅम मीठ जास्त गेले असेल, तर अर्धा लिटरहून थोडे अधिक पाणी तिथेच अडकले. जिलबी आणि भात यांनी रिकामा झालेला डबा थोडा भरला. शंभर ग्रॅम ग्लायकोजेन आणि त्यासोबतचे तीनशे ग्रॅम पाणी. उरलेला अर्धा किलो म्हणजे अजून आतड्यात असलेले जेवण.

एका दिवसात दीड किलो चरबी वाढायची असेल, तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी अधिक खाव्या लागतील. एका साध्या पोळीच्या १०० कॅलरी धरल्या तर नेहमीच्या जेवणावर एकशे पंधरा पोळ्या. लग्नात आग्रह झाला तरी इतका होत नाही. हे अडकलेले पाणी दोन-तीन दिवसांत आपोआप निघून जाते. पाळीच्या आधीच्या दिवसांतही असेच पाणी साठते, म्हणून रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याच्या सरासरीची तुलना करावी, आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांनी तर या महिन्यातला आठवडा गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा.

"पण चरबी वितळायला पाणी लागतेच ना?"

हा आक्षेप अर्धा खरा आहे. चरबीचा रेणू जाळण्याआधी तो फोडावा लागतो आणि त्या फोडण्यात पाण्याचे रेणू खर्च होतात. मात्र रसायनशास्त्राने हिशेब केला तर एक किलो चरबी फोडायला साधारण ६० मिली पाणी पुरते. महिन्या-दोन महिन्यांच्या कष्टाला पाव पेला. त्यापुढे चरबी जळताना उलट पाणी तयारच होते.

चरबी लघवीतून किंवा घामातून 'धुऊन' जाते, ही कल्पनाही सोडून द्यावी लागते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दहा किलो चरबीच्या अणूंचा जमाखर्च मांडून दाखवला, त्यानुसार त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि उरलेले १.६ किलो पाणी बनतात. म्हणजे चरबीची मुख्य वाट नाकातून आहे. जोरजोराने श्वास घेऊन मात्र ती लवकर जात नाही, कारण चूल किती पेटली आहे यावर धूर ठरतो.

'डिटॉक्स'बद्दल एवढेच सांगावेसे वाटते की आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. त्या यंत्रणेला दोन काकडीच्या चकत्यांची मदत लागत नाही.

असे असेल तर पाण्याकडे लक्ष द्यायचेच कशाला?

कारण खाणे कमी केल्यावर पाणी नकळत कमी होते, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आपल्याला मिळणाऱ्या पाण्याचा पाचवा भाग किंवा त्याहून अधिक अन्नातून येतो, आणि आपल्या वरण-भात-ताकाच्या जेवणात तर तो ठळकपणे दिसतो. शिजलेल्या भाताचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाणीच असते, आमटीचा चार पंचमांश, ताकाचा जवळजवळ सगळा. दीडशे ग्रॅम भात, वाटीभर आमटी आणि पेलाभर ताक असे रात्रीचे जेवण बंद केले, तर चारशे मिली पाणीही बंद झाले. त्या जागी भाजलेले चणे किंवा प्रोटीनची वडी आली तर पाण्याची भर पडत नाहीच, शिवाय प्रथिनांतून तयार होणारा युरिया बाहेर टाकायला थोडे पाणी जास्त लागते.

याचा परिणाम आठवड्याभरात दिसतो. शौचाला घट्ट होते, दुपारी डोके जड होते, बसल्यावरून झटकन उठताना अंधारी येते. बाईंना यातले पहिले दोन जाणवले, आणि त्यांनी ते 'डाएट मानवत नाही' या खात्यात टाकले. तंतुमय पदार्थ वाढवून पाणी न वाढवल्यास बद्धकोष्ठता आणखी बळावते, कारण इसबगोल किंवा कोंडा पाणी शोषूनच काम करतो.

दुसरे कारण भुकेचे आहे, आणि पाणी वजनाला खरोखर मदत करते ते इथेच. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५५ ते ७५ वयाच्या लोकांना बारा आठवडे कमी कॅलरींचा आहार दिला गेला. त्यांतल्या निम्म्यांनी प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी घेतले. पाणी घेणाऱ्यांचे वजन सुमारे दोन किलोंनी अधिक घटले. २०१५ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या चाचणीत जेवणाआधी अर्धा तास तेवढेच पाणी घेणाऱ्या लठ्ठ व्यक्तींमध्ये हा फरक बारा आठवड्यांत सव्वा किलोच्या आसपास आला. जादू यात काही नाही: पोट थोडे भरलेले असते, ताटात कमी पडते. तरुणांचे पोट पाण्याने लवकर रिकामे होते, त्यामुळे त्यांच्यात हा परिणाम कमी दिसतो. अर्धा लिटर जड वाटत असेल तर पातळ, तूप न घातलेले कळण किंवा सार घेतले तरी हेतू साधतो; मीठ मात्र बेताचे हवे.

जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतात, हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. जठर गरजेप्रमाणे आम्ल स्रवत राहते आणि पाणी तिथून लवकर पुढे सरकते. शिवाय आमटी-भात कालवून खाणाऱ्याने पेलाभर पाण्याची भीती बाळगावी, हे मला नेहमीच गमतीचे वाटते. ज्यांना आम्लपित्त वर येण्याचा त्रास आहे, त्यांनी एकदम भरपूर पिणे टाळावे, इतकेच.

मग किती?

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली सौम्य हवामानासाठी ठरवलेले प्रमाण स्त्रियांना दिवसाला दोन लिटर आणि पुरुषांना अडीच लिटर असे आहे, आणि त्यात अन्नातले पाणी, चहा, ताक सगळे धरलेले आहे. बाईंच्या जेवणातून सुमारे सहाशे मिली मिळत असतील, तर वातानुकूलित बँकेत बसण्याच्या दिवशी दीड लिटरच्या आसपास पेये पुरतात. एप्रिलमध्ये दुचाकीवरून येणे-जाणे आणि संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या असतील, तर अडीच लिटरपर्यंत जावे लागेल. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो, आणि मुंबईहून आलेल्या माणसाला आपल्याला घामच येत नाही असे वाटते. ही खरी फसवणूक.

मोजायची साधी पद्धत लघवीच्या रंगाची आहे. फिकट पिवळा रंग असेल आणि दिवसातून पाच-सहा वेळा जाणे होत असेल, तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा रंग म्हणजे कमी पडले. ब जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल तर रंग भडक पिवळा येतो. त्या दिवशी ही खूण धरू नये.

व्यायामासाठी काटाच वापरता येतो. सिंहगड चढण्याआधी वजन ७१.० किलो होते, वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायले, उतरल्यावर ७०.१ भरले, मध्ये काही खाल्ले नाही आणि लघवीला जाणे झाले नाही, तर घाम सुमारे १.४ लिटर गेला. गमावलेले ते ९०० ग्रॅम पाणी आहे, त्याला चरबी समजून आनंद मानायचा नाही. पुढचे काही तास ते थोडे थोडे भरून काढायचे, आणि सोबत थोडे मीठ असलेले काही घ्यायचे. गडावरचे पिठले-भाकरी आणि ताक या कामाला उत्तम आहे, फक्त त्याच्या कॅलरी मोजायच्या.

थंड पाण्याने कॅलरी जळतात का?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते (आहारातली कॅलरी, म्हणजे किलोकॅलरी). माठातले २२ अंशांचे अर्धा लिटर पाणी शरीराच्या ३७ अंशांवर आणायला साडेसात, फ्रीजमधल्या पाच अंशांच्या पाण्याला सोळा. पण एप्रिलच्या दुपारी शरीर आधीच जादा उष्णता बाहेर टाकत असते. ती पाण्यात गेली म्हणून नवी चूल पेटवावी लागत नाही. आवडेल त्या तापमानाचे पाणी प्यावे.

कॉफी: पाणी घेते की देते?

कॅफीन किंचित लघवी वाढवते, हे खरे. पण रोज पिणाऱ्याला त्याची सवय होते. बर्मिंगहॅम विद्यापीठातच २०१४ साली नियमित कॉफी पिणाऱ्या पन्नास पुरुषांना तीन दिवस रोज दोनशे मिलीचे चार कप कॉफी आणि नंतर तेवढेच पाणी देऊन तपासले, तेव्हा शरीरातल्या पाण्याच्या मोजमापांत फरक आढळला नाही. म्हणून कॉफीचा कप दिवसाच्या पाण्यात धरावा.

चरबी जाळण्याच्या दाव्याला आधार आहे, पण आकार लहान आहे. १०० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे साधारण एक चांगला कप, विश्रांतीतला ऊर्जाखर्च पुढचे अडीच तास तीन-चार टक्क्यांनी वाढवते. बाईंचा तो खर्च तासाला ५८ कॅलरी धरला, तर फायदा सहा कॅलरींच्या आत येतो. साखरेचा एक लहान चमचा वीस कॅलरींचा असतो.

आणि इथेच बाईंच्या हिशेबातली गळती सापडते. त्यांनी पोळ्या मोजल्या, पेये मोजली नाहीत. त्यांच्या फिल्टर कॉफीत शंभर मिली दूध आणि दोन चमचे साखर, म्हणजे १०५ कॅलरी, दिवसातून दोनदा. सकाळच्या लिंबूपाण्यात मोठा चमचा मध, आणखी साठ. एकूण २७० कॅलरी. कागदावरची ५०० ची तूट प्रत्यक्षात २३० होती आणि एक किलो चरबीला पंधरा दिवसांऐवजी तेहतीस दिवस लागणार होते. काळी कॉफी आणि दूध-साखरेची कॉफी यांना एकाच नावाने ओळखतो, हीच अडचण आहे. अमृततुल्यच्या चहालाही तोच हिशेब लागू पडतो.

कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून चारनंतरचा कप रात्रीच्या झोपेवर येतो, आणि झोप अपुरी झालेल्या माणसाची भूक दुसऱ्या दिवशी वाढलेली असते. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, गर्भवतीने २०० च्या.

ग्रीन टी

यातल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांचे कौतुक होते. २०१२ साली कॉक्रेन या तटस्थ वैद्यकीय संस्थेने निदान बारा आठवडे चाललेल्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा जपानबाहेरच्या चाचण्यांत वजनातला सरासरी फरक ४० ग्रॅम निघाला, तोही योगायोगाचा असू शकेल इतका अनिश्चित. त्या चाचण्यांत बहुधा साध्या चहापेक्षा तीव्र अर्क वापरले होते, हे विसरू नये. बिनसाखरेचा ग्रीन टी हे रंग आणि थोडे कॅफीन असलेले पाणी आहे. दूध-साखरेच्या चहाची जागा त्याने घेतली तर नव्वद-शंभर कॅलरी वाचतात. गुण त्या बदलाचा असतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. अर्काच्या गोळ्यांतून कॅटेचिनपैकी मुख्य असलेले ईजीसीजी दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेले, तर यकृताला इजा होण्याची चिन्हे दिसतात, असे युरोपच्या त्याच संस्थेने २०१८ साली नोंदवले आहे. वजन घटवण्याच्या गोळ्या घेण्यापूर्वी लेबल वाचावे. दुसरे, कोणताही चहा जेवणाबरोबर घेतला की त्यातली द्रव्ये डाळी-भाज्यांमधल्या लोहाला बांधून ठेवतात. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. तेव्हा 'जेवणानंतर लगेच ग्रीन टी' ही सूचना या स्त्रियांसाठी उलटी आहे. मध्ये तासभर जाऊ द्यावा.

लिंबूपाणी

एका लिंबाच्या रसात दहाच्या आत कॅलरी असतात, आणि चरबीवर त्याचा वेगळा परिणाम होत नाही. सकाळी कोमट पाणी प्यायल्याने आतड्यांना चालना मिळते, पोट साफ होते आणि काटा तीन-चारशे ग्रॅम कमी दाखवतो. लिंबाची ख्याती याच आकड्यावर उभी आहे; नुसत्या कोमट पाण्यानेही हे होते. लिंबाचे खरे काम पोह्यांवर आहे: त्यातले क जीवनसत्त्व पोह्यांतले लोह शोषायला मदत करते, म्हणजे ग्रीन टीच्या नेमके उलट. दिवसभर घोट घोट लिंबूपाणी घेतल्यास दातांचे आवरण झिजते, म्हणून ते एका वेळी पिऊन साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये.

जास्त पाण्याचा धोका आणि बाईंचा बदललेला दिवस

मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने, तासन्‌तास पाणी ढोसले तर रक्तातले सोडियम घसरते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळणे आणि पुढे झटके अशी त्याची वाट आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्या साखर लघवीवाटे काढतात, त्यांचाही यात समावेश होतो.

बाईंनी चार लिटरचा आग्रह सोडला. उठल्यावर कोमट पाण्याचा पेला, त्यात हवे तर लिंबू, मध नाही. दोन्ही जेवणांआधी अर्धा तास दोन-दोन पेले. कॉफीत पन्नास मिली दूध, साखर नाही, आणि दुसरा कप तीनच्या आत. ग्रीन टी साडेचारला, ऑफिसच्या चहाच्या जागी. रात्री भाताऐवजी आमटीची वाटी आणि भाजी राहिली. पेयांच्या कॅलरी २७० वरून सत्तरवर आल्या, तूट ४३० झाली आणि एक किलो चरबीचा काळ तेहतीस दिवसांवरून अठरावर आला. काटा अजूनही कोणत्याही सोमवारी वर जाऊ शकतो. म्हणून त्यांनी आता वहीत रोजचा आकडा लिहून रविवारी सातांची सरासरी काढायला सुरुवात केली आहे.